पैसे यायला पिन लागत नाही : घरच्या ज्येष्ठांसाठी यूपीआयचा व्हिडिओ लिहिताना

ज्येष्ठांना फोनवरून पैसे देणे शिकवणारे मराठी व्हिडिओ आता पुष्कळ आहेत. काही बँकांनी केले, काही अ‍ॅपच्या कंपन्यांनी केले, आणि बाकीचे भाचे-पुतणे, नातवंडे यांनी स्वतः करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. त्यांतल्या बहुतेकांचा क्रम एकसारखाच असतो. आधी अ‍ॅप कसे घ्यायचे, मग बँकेचे खाते कसे जोडायचे, पिन कसा ठरवायचा, क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा, आणि हे सगळे झाल्यावर अगदी शेवटी दोन वाक्ये येतात: ओटीपी कोणाला सांगू नका, फसव्या फोनपासून सावध राहा. या लेखात मला या क्रमाचाच विचार करायचा आहे. फसवणुकीची सूचना पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवी, ती एकच असायला हवी, आणि पैसे ज्या पडद्यावरून खरोखर जातात त्या पडद्याशी ती जोडलेली असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूचना शेवटी ठेवण्यातली एक अडचण सरळ आहे. शिकणारा माणूस आपल्याला हवे ते मिळाले की व्हिडिओ बंद करतो. समजा, घरच्या आत्याला दूधवाल्याचे पैसे द्यायचे असतात. ते गेले, की तिच्या लेखी व्हिडिओ संपला.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पहिले पेमेंट करताना हाताला एक सवय लागते. पडद्याने काही विचारले की पुढचे बटण दाबायचे, आकडे मागितले की आकडे टाकायचे. नव्याने शिकणाऱ्याला पडद्यावरचे प्रत्येक पान सारखेच परके असते, त्यामुळे कोणते पान निरुपद्रवी आणि कोणत्या पानावर खात्यातली रक्कम हलते, हा भेद त्याच्या मनात तयारच झालेला नसतो. फसवणारा नेमका याचा फायदा घेतो. तो फोनवर शिक्षकाच्याच सुरात बोलतो: आता हे उघडा, आता इथे दाबा, आता तुमचा पिन टाका. भाच्याच्या व्हिडिओने जी आज्ञाधारक सवय लावली, तीच तो वापरतो. सवय लागल्यावर दिलेली सूचना म्हणूनच उशिरा पोहोचते.

आता मूळ यंत्रणा. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २०१६ मध्ये यूपीआय आणले. यात एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात पैसे थेट जातात. तुमच्या फोनवरचे अ‍ॅप कोणत्याही कंपनीचे असो, पैसे तुमच्या बँकेतच असतात. चार किंवा सहा आकड्यांचा पिन ही तुम्ही तुमच्या बँकेला दिलेली संमती असते. माझ्या खात्यातून एवढे पैसे काढून अमक्याला द्या, एवढेच तो पिन बँकेला सांगतो. समोरचा तुम्हाला पैसे पाठवत असेल, तर पिन त्याने त्याच्या फोनवर टाकायचा असतो. तुम्ही काहीच करायचे नसते. फोन उशाशी ठेवून झोपलात तरी पैसे खात्यात येतात.

सूचनेचे वाक्य यातूनच निघते: पैसे यायला पिन लागत नाही. हे असेच लिहावे, थोडेही बदलू नये, कारण जवळची दिसणारी दुसरी वाक्ये खरी नाहीत. "पिन फक्त पैसे पाठवतानाच लागतो" हे वाक्य मी अनेक व्हिडिओंत ऐकले आहे, पण खात्यातली शिल्लक बघतानाही पिन टाकावा लागतो. आत्या पहिल्यांदा शिल्लक बघायला जाईल, तिला पिनचे पान दिसेल, आणि व्हिडिओत सांगितले ते चूक आहे असे तिला वाटेल. एकदा असे वाटले की बाकीच्या सूचनांवरचा विश्वासही ढळतो. उलट "पैसे यायला पिन लागत नाही" हे वाक्य प्रत्येक वेळी खरे ठरते.

हे वाक्य किती ठिकाणी उपयोगी पडते ते एका प्रसंगावरून पाहू. समजा, आत्याने जुने कपाट विकायची जाहिरात दिली, किंमत ४,००० रुपये. एकाचा फोन येतो. तो घासाघीस करत नाही, हे पहिले लक्षण. सैन्यात आहे, बदली झाली आहे, सामान न्यायला माणूस येईल, पैसे आत्ताच पाठवतो, असे म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड पाठवतो आणि सांगतो, हा स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. आत्या स्कॅन करते. पडद्यावर ४,००० हा आकडा दिसतो, म्हणून तिची खात्रीच पटते. पिन टाकते. पैसे येण्याऐवजी जातात. मग तो म्हणतो, अहो, चूक झाली, दुसरा कोड पाठवतो, त्यावर तुमचे आणि माझे दोन्ही मिळून ८,००० परत येतील. घाबरलेली आत्या दुसऱ्यांदा पिन टाकते. या प्रसंगात सैनिक, बदली, कपाट हे सगळे बदलत राहते. कधी ते विमा परताव्याचे असते, कधी गॅस अनुदानाचे, कधी लॉटरीचे. पिनचे पान मात्र दर वेळी तेच असते, म्हणून सूचना त्या पानाला बांधायची.

जुने व्हिडिओ पुढे पाठवताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. काही वर्षांपूर्वीच्या व्हिडिओंत "पैशांची मागणी" येण्याचा धोका फार दाखवला आहे. अनोळखी माणूस तुमच्या अ‍ॅपवर मागणी पाठवतो आणि तुम्ही ती मंजूर करता, असा तो प्रकार होता. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. ३० जून २०२५ पर्यंत आणखी एक चांगला बदल अ‍ॅपना करायचा होता: पैसे पाठवण्याआधी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवायचे. आपण फोनमध्ये कोणत्या नावाने नंबर साठवला आहे किंवा समोरच्याने स्वतःला काय म्हणवून घेतले आहे, ते चालणार नाही. व्हिडिओत "नाव वाच" ही पायरी घालायला आता खरा आधार आहे. २०२३ चा व्हिडिओ २०२६ मध्ये दाखवला तर तो बंद झालेल्या दाराची भीती घालतो आणि उघड्या दाराबद्दल गप्प राहतो. म्हणून व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत महिना आणि वर्ष लिहावे.

सूचना सुरुवातीला आणायची म्हटल्यावर पुढचा मोह होतो तो सगळ्याच सूचना सुरुवातीला आणायचा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने "राजू आणि चाळीस चोर" या कल्पनेवर एक सचित्र पुस्तिका काढली आहे. तीत फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टीरूपाने सांगितले आहेत. वाचायला ती चांगली आहे, आणि जो व्हिडिओ लिहिणार आहे त्याने ती जरूर वाचावी. पण तिच्यातले दहा प्रकार उचलून व्हिडिओच्या सुरुवातीला नाट्यरूपाने दाखवणे मला धोक्याचे वाटते.

याला एक अभ्यासाचा आधार आहे. इयान स्कर्निक, कॅरोलिन यून, डेनिस पार्क आणि नॉर्बर्ट श्वार्त्स यांचा एक शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही वयोगटांतल्या लोकांना काही विधाने दाखवली आणि त्यांतली काही खोटी आहेत असे स्पष्ट सांगितले. काहींना ते एकदा सांगितले, काहींना अनेकदा. लगेच विचारले तेव्हा वारंवार सांगण्याचा फायदा दिसला. तीन दिवसांनी मात्र वृद्धांच्या बाबतीत चित्र उलटले. जे विधान "खोटे आहे" असे त्यांना जास्त वेळा सांगितले होते, तेच त्यांना खरे म्हणून आठवण्याची शक्यता वाढली होती. वाक्य ओळखीचे झाले होते, पण त्याला लावलेली "खोटे" ही खूण गळून पडली होती. ते प्रयोग यूपीआयवर नव्हते, हे खरे. तरीही "कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" हे फसवणाऱ्याचे वाक्य आपण आपल्या ओळखीच्या, प्रेमळ आवाजात तीनतीनदा ऐकवावे का, याचा विचार करायला ते भाग पाडतात. माझा नियम असा की व्हिडिओत खोटे वाक्य जमेल तितके कमी बोलायचे आणि खरे वाक्य पुन्हापुन्हा बोलायचे. "अमुक करू नकोस" यापेक्षा "हे असे असते" असे सांगायचे.

लिहिण्याइतकाच प्रश्न चित्रणाचा आहे. घरचे व्हिडिओ करणारे बहुधा फोनमधली पडदा टिपायची सोय वापरतात. ते सोपे आहे आणि चित्र स्वच्छ येते. पण सुरक्षेसाठी पिनचे पान टिपू न देण्याची व्यवस्था असते, त्यामुळे अँड्रॉइडवर केलेल्या अशा व्हिडिओत तेवढा भाग काळा येतो. जे पान सर्वांत नीट दाखवायला हवे, तेच पान गायब. करणारा मग तिथे "आता पिन टाका" असे म्हणून पुढे सरकतो, आणि बघणाऱ्याला ते पान पहिल्यांदा दिसते ते स्वतःच्या फोनवर, एकटे असताना. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या फोनने वरून चित्रण करायचे. फोन टेबलावर ठेवायचा, दिव्याची तिरीप पडद्यावर चमकणार नाही असा कोन धरायचा, आणि पिनच्या पानावर कॅमेरा पूर्ण थांबवायचा. आकडे टाकण्याच्या क्षणी मात्र हाताने पडदा झाकायचा, आणि आपण झाकतो आहोत हे दिसू द्यायचे. तोही धडाच आहे.

आता प्रत्यक्ष संहिता. समजा आत्या मिरजेला एकटी राहते, वय ७२, निवृत्तिवेतन बँकेत येते, भाचा पुण्यात असतो. अ‍ॅप बसवणे, खाते जोडणे आणि पिन ठरवणे हे भाच्याने समोर बसून, तिच्या हातून करून घ्यावे. हा भाग व्हिडिओत घालूच नये, कारण तो आयुष्यात एकदाच करायचा असतो आणि त्यात डेबिट कार्डाचे आकडे, ओटीपी असे सगळेच नाजूक येते. व्हिडिओ एकाच कामाचा असावा: दूधवाल्याला पैसे देणे. लांबी साधारण चार मिनिटे.

सुरुवात भाच्याच्या चेहऱ्याने. "आत्या, मी बोलतोय. आज दूधवाल्याला फोनवरून पैसे द्यायचे आहेत. त्याआधी एक गोष्ट बघ." हे दहा सेकंदांत संपते. लगेच पिनचे पान, पूर्ण पडदाभर. "हे पान नीट बघून ठेव. वर तुझ्या बँकेचं नाव, खाली ज्याला द्यायचे त्याचं नाव आणि रक्कम, आणि हे आकडे. इथे पिन टाकला की तुझे पैसे गेले. पैसे यायला पिन लागत नाही."

यानंतर जे येते ते मला या संहितेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आत्याचा फोन टेबलावर ठेवलेला. तिचे दोन्ही हात मांडीवर. भाचा आपल्या फोनवरून तिला १० रुपये पाठवतो. तिचा फोन वाजतो. "बघ, तू हात लावलास का? नाही. आले पैसे." मग अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी उघडून त्यात ते १० रुपये दाखवायचे. ही यादी बघायला पिन लागत नाही, त्यामुळे नियमात गोंधळ होत नाही. मग लगेच उलटे. आत्या भाच्याला १० रुपये परत पाठवते, आणि या वेळी पिनचे पान येते. "आता आलं बघ हे पान. का आलं? कारण आता तुझे जातायत." सांगून जे तीन दिवसांत विसरले जाईल, ते आपल्या हाताने केल्यावर बरेच टिकते. हे सगळे दीड मिनिटात होते, आणि दूधवाला अजून आलेलाही नसतो.

पुढे एक वाक्य कृतीचे. "कोणी म्हणालं, पैसे पाठवतोय, पिन टाका, तर बोलत बसायचं नाही. फोन ठेवायचा आणि मला लावायचा. माझा नंबर तुझ्या यादीतून शोधून लावायचा." यादीतून हे मुद्दाम सांगायचे, कारण फसवणारा कधीकधी "तुमच्या भाच्याशीच बोला" म्हणून दुसराच नंबर देतो. आणि भाचा पुण्याऐवजी न्यू जर्सीत असेल तर? मिरजेत सकाळचे अकरा वाजलेले असताना तिकडे मध्यरात्र असते. मग संहितेत शेजारच्या किंवा त्याच गावातल्या माणसाचे नाव यायला हवे, आणि त्या माणसाला आधी विचारलेले हवे. ज्याचा फोन उचललाच जाणार नाही असा आधार व्हिडिओत देऊ नये.

मग दूधवाला. महिन्याचे बिल १,८६० रुपये. अ‍ॅप उघडायचे, स्कॅनचे चिन्ह दाबायचे, कॅमेरा त्याच्या कार्डावरच्या कोडवर धरायचा. नाव येते. इथे थांबून मोठ्याने वाचायचे आणि दूधवाल्याला विचारायचे: "हे नाव तुमचंच का?" पुष्कळदा डेअरीचे नाव वेगळे आणि खाते भावाच्या किंवा बायकोच्या नावावर असते. यात गैर काही नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. दुकानांच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि ते याच पायरीवर पकडता येतात. मग रक्कम. १८६० टाकताना एक शून्य जास्त पडले तर १८,६०० होतात, म्हणून रक्कमही मोठ्याने वाचायची. मग पिनचे पान. इथे भाचा पुन्हा म्हणतो, "हे पान आलं. म्हणजे पैसे जाणार. कोणाला? किती?" आत्या दोन्ही वाचते, हात आडवा धरते, पिन टाकते. हिरवी खूण येते. दूधवाल्याला पैसे मिळाल्याचे विचारायचे, आणि संपले.

कधी हिरवी खूण न येता व्यवहार अडकल्याचे दिसते. संहितेत यासाठी एक वाक्य ठेवावेच: "अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवायचं नाही. यादी बघायची, थांबायचं." खात्यातून पैसे कापले गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर ते बँकेकडून परत येण्याची व्यवस्था आहे. घाई केली की दोनदा जातात. आणि असे अडकल्यावर इंटरनेटवर "ग्राहक सेवा" शोधून सापडलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, कारण तिथे फसवणाऱ्यांनी पेरलेले नंबर सापडतात. बँकेचा नंबर पासबुकावर आणि कार्डाच्या मागे असतो, तोच एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरात ठेवावा.

एवढा व्हिडिओ चांगला झाला तरी तो चूक शंभर टक्के थांबवणार नाही. म्हणून चूक झालीच तर किती नुकसान होईल, हे आधी ठरवून ठेवणे तितकेच गरजेचे आहे. बहुतेक व्हिडिओ याबद्दल काहीच बोलत नाहीत. यूपीआयने एका दिवसात साधारणपणे एक लाख रुपयांपर्यंत रक्कम जाऊ शकते. निवृत्तिवेतनाचे आणि ठेवींचे खाते अ‍ॅपला जोडू नये. दुसरे बचत खाते काढून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवावे आणि तेच जोडावे. इथे एक फट राहते. अ‍ॅप खाती शोधते ती बँकेत नोंदलेल्या मोबाइल नंबरावरून. दोन्ही खात्यांना एकच नंबर असेल आणि आत्याकडून कोणी कार्डाचे आकडे व ओटीपी काढून घेतला, तर मोठे खातेही जोडले जाऊ शकते. म्हणून मोठ्या खात्याचे कार्ड तिच्या पर्समध्ये रोज फिरू नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये एनपीसीआयने यूपीआय सर्कल ही सोय आणली. तीत भाचा आपल्या खात्यातून खर्च करायची परवानगी आत्याला देऊ शकतो. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही कमाल मर्यादा आहे. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक व्यवहार भाच्याने आपल्या पिनने मंजूर करायचा असतो. सुरक्षेच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. तरी मी तिची शिफारस सरसकट करणार नाही. आयुष्यभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवलेल्या बाईला भाजीच्या पैशांसाठी कोणाच्या मंजुरीची वाट बघायला लावणे तिला लागू शकते. तिला विचारावे, दोन्ही पर्याय समजावून सांगावे, आणि ती म्हणेल ते करावे. ज्यांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी मात्र सर्कलच योग्य.

छोट्या रकमा पिनशिवाय देण्याची यूपीआय लाइटची सोय मी पहिले काही महिने दाखवणार नाही. सोय वाईट नाही, पण "पिनचे पान म्हणजे पैसे जाणार" ही ओळख पक्की होण्याआधीच ती ओळख पुसट करते. ऑक्टोबर २०२५ पासून पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरायचीही सोय आली आहे. ती सुरू केली असेल तर संहितेतले वाक्यही बदलायला हवे: पैसे यायला पिनही लागत नाही, बोटही लागत नाही.

पिनच्या नियमाची हद्दही स्पष्ट सांगायला हवी, कारण दोन मोठे प्रकार त्याच्या बाहेर आहेत. एकात फोनचा ताबाच घेतला जातो. वाहनाच्या दंडाची पावती, लग्नाची पत्रिका किंवा बँकेची केवायसी अशा नावाने `.apk` ने संपणारी फाइल येते. ती उघडून बसवली की फोनवर येणारे मेसेज, ओटीपीसह, दुसरीकडे जाऊ लागतात. वीजबिल थकले, आज रात्री वीज तोडणार, अशा मेसेजमध्ये दिलेल्या नंबरावर फोन केला की पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप बसवायला सांगतात. आत्यासाठी याचा नियम असा: फोनमध्ये नवे काही बसवायचे असेल तर ते घरच्या माणसानेच, समोर बसून.

दुसरा प्रकार भीतीचा आहे, आणि पैशांच्या हिशेबाने तो सर्वांत भयानक आहे. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला, असे सांगून गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि तुम्ही "डिजिटल अटकेत" आहात म्हणतो. दार लावून घ्या, कोणाशी बोलू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. माणसाला तासन्‌तास, कधी कित्येक दिवस असे कोंडून ठेवतात. ठेवी मोडायला लावतात, आणि पैसे पुष्कळदा यूपीआयने नव्हे तर बँकेच्या शाखेतून आरटीजीएसने जातात. इथे पीडित व्यक्तीला पैसे जात आहेत हे पूर्ण ठाऊक असते, म्हणून पिनचे वाक्य तिला वाचवत नाही. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये हे सांगितले होते. या प्रकारासाठी वेगळा, एका मिनिटाचा व्हिडिओ करावा आणि त्यात एकच गोष्ट असावी: "जो म्हणेल घरच्यांना सांगू नका, तो चोर. पोलीस असं म्हणत नाहीत. दार उघड आणि शेजारी जा." दूधवाल्याच्या व्हिडिओत हे कोंबले तर दोन्ही बिघडतात. रोजचा व्यवहार शिकताना अटकेची गोष्ट ऐकली की शिकणारी व्यक्ती फोनच बाजूला ठेवते.

पैसे गेलेच तर काय, हा भाग आत्याच्या व्हिडिओत एका वाक्यापुरता, पण भाच्याला तो पूर्ण माहीत हवा. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ते गोठवण्याची सूचना जाते. फसवणारे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात झपाट्याने हलवतात, त्यामुळे तासाभरात केलेली तक्रार आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार यांत मोठा फरक पडतो. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव हाताशी हवे. हा क्रमांक अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर दाबले की दिसतो, आणि तो कुठे दिसतो हे आत्याला १० रुपयांच्या सरावातच दाखवून ठेवावे. तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. बँकेलाही त्याच वेळी कळवायचे.

भरपाईबद्दल खोटी आशा देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून पहिला फोन किती वाजता केला, कोणत्या नंबरावर केला आणि तक्रार क्रमांक काय मिळाला, हे त्याच वेळी कागदावर लिहून ठेवावे. लाजेने किंवा भीतीने आत्या हे दोन दिवस लपवून ठेवेल, असे होऊ नये यासाठी व्हिडिओच्या शेवटचे वाक्य भाच्याने असे बोलावे: "आणि आत्या, कधी गेलेच पैसे, तर मी रागावणार नाही. तू आधी मला फोन कर, आपण दोघं मिळून १९३० ला लावू."